मॅट्रिक्स सिमिलर नाहीत हे दाखवताना या चुका टाळा

`B = P⁻¹AP` होईल असा एक इन्व्हर्टिबल `P` सापडला की `A` आणि `B` सिमिलर. असा `P` नाहीच, हे मात्र एकेक `P` घेऊन दाखवता येत नाही. म्हणून सिमिलर मॅट्रिक्समध्ये सारख्याच असतात अशा गोष्टी बघायच्या: ट्रेस, डिटर्मिनंट, रँक, कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल. एक जरी वेगळी निघाली की सिद्धता पूर्ण. सुरुवात ट्रेसपासून करा, नुसती कर्णावरची बेरीज असते.

पहिली चूक इथेच होते. सवयीने आधी रो-ऑपरेशन करतात आणि मग ट्रेस काढतात.

```
[1 2]      [1  2]
[3 4]  →   [0 -2]
```

`R2 - 3R1` केल्यावर डिटर्मिनंट -2 च राहिला, रँकही 2 च, पण ट्रेस 5 चा -1 झाला. रो-ऑपरेशन म्हणजे फक्त डावीकडून गुणाकार. उजवीकडचा `P` त्यात नसतो. त्यामुळे ट्रेस आणि आयगेनव्हॅल्यू नेहमी मूळ मॅट्रिक्सवरूनच काढा. रो-ऑपरेशन रँक काढायला ठेवा.

पुण्यातल्या बी.एस्सी.च्या वह्यांत याहून जास्त खटकते ती दुसरी चूक: सगळं सारखं आलं म्हणून ‘सिमिलर आहेत’ लिहून मोकळं होणं. हे बघा:

```
A = [ 3 1]    B = [2 0]
    [-1 1]        [0 2]
```

दोन्हींचा ट्रेस 4, डिटर्मिनंट 4, रँक 2, पॉलिनॉमियल `(x-2)²`. तरीही या सिमिलर नाहीत. `B` म्हणजे `2I`, आणि `P` कोणताही घ्या, `P⁻¹(2I)P = 2I` च येतं. `2I` ला सिमिलर फक्त तीच.

अशा वेळी `A` ची रँक काढून थांबू नका, `A - λI` ची काढा. `A`, `B` सिमिलर असतील तर `B - λI = P⁻¹(A - λI)P`, म्हणून याही रँक जुळायला हव्यात. इथे `A - 2I` च्या ओळी (1, 1) आणि (-1, -1), म्हणजे रँक 1. `B - 2I` शून्य, रँक 0. उत्तरात ही ओळ कारणासकट लिहा, नुसते आकडे नकोत.

4×4 मध्ये कधी तीही रँक जुळते. आयगेनव्हॅल्यू फक्त 0, एकीत जॉर्डन ब्लॉक 2 आणि 2 चे, दुसरीत 3 आणि 1 चे: दोन्हींची रँक 2. मग वर्ग करा. पहिलीचा वर्ग शून्य येतो, दुसरीच्या वर्गाची रँक 1. आयगेनव्हॅल्यू 0 नसेल तर वर्ग `A - λI` चा करायचा, `A` चा नाही.