बंद कार्डावर गेलेला रिफंड परत कसा मिळवायचा

कार्ड बंद केलं आणि नंतर त्याच कार्डावर रिफंड निघाला, की लोक पहिला मेल दुकानदाराला टाकतात: ‘ते कार्ड बंद आहे, माझ्या दुसऱ्या खात्यात पैसे पाठवा.’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तोच सगळ्यात जास्त वेळ खातो. तुमचा मेल पोहोचतो तेव्हा कंपनीच्या हिशेबात पैसे आधीच गेलेले असतात. ते परत आल्याचं दिसल्याशिवाय तिथला कोणताही हिशेबनीस दुसऱ्यांदा पैसे सोडणार नाही. मीही सोडत नाही. रिफंडच्या फाइली माझ्याच टेबलावरून जातात. त्यामुळे आधी पैसे आत्ता कुठे आहेत ते शोधायचं आणि मगच ते मागायचे.

सुरुवातीला एक गोष्ट तपासा. बंद नक्की काय झालंय, कार्ड की खातं? डेबिट कार्ड हरवलं, संपलं किंवा बदललं, पण बचत खातं चालू असेल, तर रिफंड साधारणपणे त्याच खात्यात येतो. क्रेडिट कार्डाचा नुसता नंबर बदलला असेल तर नव्या कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये बघा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

खातंच बंद असेल तर कंपनीकडे एआरएन मागा. कार्डावरच्या रिफंडचा हा तेवीस आकडी नंबर असतो. ग्राहक सेवेचा माणूस बहुतेक वेळा ऑर्डर नंबर किंवा स्वतःच्या सिस्टीमचा रेफरन्स नंबर पुढे करतो. बँकेच्या दृष्टीने त्याला काही किंमत नाही. तेवीस आकडे मोजा, कमी असतील तर पुन्हा मागा. नंबर आला की आठव्यापासून अकराव्यापर्यंतचे चार आकडे वाचा. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस, असं ते असतं. ५०७४ असेल तर २०२५ सालचा चौऱ्याहत्तरावा दिवस, म्हणजे १५ मार्च. कंपनी ‘फेब्रुवारीतच पाठवला’ म्हणत असेल आणि नंबर मार्च दाखवत असेल, तर कोण खोटं बोलतंय हे तुम्हाला कळलं.

आता खरी अडचणीची पायरी. मीही सुरुवातीला इथेच अडकायचो. कंपनी म्हणते, ‘आमच्याकडून गेले.’ बँक म्हणते, ‘दिसत नाहीत.’ दोघंही आपापल्या पडद्यावर पाहून खरंच सांगत असतात. बंद झालेलं खातं कॉल सेंटरच्या माणसाला नीट दिसतच नाही. त्यामुळे त्याचं ‘दिसत नाही’ हे उत्तर ‘आलेले नाहीत’ असं समजू नका.

बंद खात्यावर आलेल्या रिफंडचं दोनपैकी एक होतं. बँक तो स्वीकारते आणि तो बंद क्रेडिट कार्डाच्या खात्यात जमा राहतो किंवा बँकेच्या अंतर्गत खात्यात पडून राहतो. नाहीतर बँक तो नाकारते आणि पैसे उलट्या वाटेने कंपनीच्या बँकेकडे जातात. दुसऱ्या प्रकारात गोची अशी, की पैसे कंपनीच्या खात्यात परत आले तरी ग्राहक सेवेच्या पडद्यावर जुनाच ‘रिफंड पूर्ण’ हा शेरा राहू शकतो. परत आलेली रक्कम हिशेब विभागाला दिसते, चॅटवरच्या माणसाला नाही.

म्हणून बँकेला फोन करू नका, मेल करा. बँकेच्या तक्रार निवारण पत्त्यावर पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. मजकूर एवढाच पुरे:

‘माझं क्रेडिट कार्ड (शेवटचे चार आकडे अमुक) तमुक तारखेला बंद झालं. त्यावर अमुक रुपयांचा रिफंड या एआरएनने पाठवला आहे. ही रक्कम आपण स्वीकारली की परत केली, ते लेखी कळवावे. स्वीकारली असल्यास सोबत दिलेल्या माझ्या बचत खात्यात वर्ग करावी. परत केली असल्यास परत केल्याची तारीख द्यावी.’

‘स्वीकारली की परत केली’ हे शब्द गाळू नका. ‘रिफंड आला नाही, कृपया मदत करा’ असं लिहिलंत तर ‘कंपनीशी संपर्क साधा’ एवढंच छापील उत्तर येईल.

आमच्या शेजारच्या काकूंनी वॉशिंग मशीनची ऑर्डर रद्द केली होती. १८,४९० रुपये होते आणि मधल्या काळात त्यांनी क्रेडिट कार्ड बंद केलं. कॉल सेंटरने ‘कार्डच नाही तर पैसे कसे येतील?’ म्हणून त्यांना वाटेला लावलं. वरच्या मजकुराचा मेल गेल्यावर बँकेने कळवलं की रक्कम बंद कार्डाच्या खात्यात जमा आहे, खात्याचा तपशील पाठवा. खरं तर काकूंनी पैसे मागेपर्यंत बँकेने थांबायलाच नको होतं. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत स्पष्ट आहे, की कार्ड खातं बंद झाल्यावर शिल्लक राहिलेली जमा रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात वर्ग करावी आणि त्याचा तपशील नसेल तर बँकेनेच मागून घ्यावा. टाळाटाळ झाली तर हे वाक्य मेलमध्ये घाला.

बँकेचं उत्तर ‘परत केली’ असं आलं, तर ते पत्र कंपनीला पाठवा, हिशेब विभागाकडे द्यायला सांगा आणि नव्याने पैसे मागा. सोबत ऑर्डर ज्याच्या नावावर आहे त्याच्याच खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक जोडा. नवऱ्याच्या नावाची ऑर्डर आणि बायकोचं खातं असं दिलंत की फाइल थांबते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर ऑर्डरवरचं नाव वेगळं का आहे, ते एका ओळीत आधीच लिहा.

नाव जुळत नाही म्हणून कंपनी अडवते ते त्रासाचं असलं तरी पैसे शाबूत असतात. खाते क्रमांकातला एक आकडा चुकणं जास्त वाईट. एनईएफटीत बँका खाते क्रमांक बघून जमा करतात, नावावर भरवसा नसतो. तो चुकीचा क्रमांक दुसऱ्या कुणाचा असेल तर पैसे सरळ त्याच्याकडे जातात. म्हणून क्रमांक आठवणीवरून टाइप करू नका, पासबुक समोर ठेवून उतरवा आणि पुन्हा जुळवा. जुन्या चेकबुकावरचा आयएफएससीही उचलू नका. बँकांच्या विलीनीकरणानंतर असे अनेक कोड बाद झालेत. सिंडिकेट बँकेचे SYNB ने सुरू होणारे कोड १ जुलै २०२१ पासून चालत नाहीत, तरी अजून ते चेक लोक जोडतात.

पैसे पाठवल्याचं कळलं की यूटीआर, म्हणजे बँकेतल्या त्या व्यवहाराचा नंबर, मागा. जमा न होऊ शकलेली एनईएफटी नियमाप्रमाणे त्या बॅचनंतर दोन तासांत परत जायला हवी. ‘एनईएफटी पंधरा दिवस अडकली आहे’ असं कोणी सांगितलं तर बहुधा ती पाठवलेलीच नसते.

या सगळ्यात गूगलवर कंपनीचा ग्राहक सेवा नंबर शोधून फोन लावू नका. रिफंडच्या नावाने लुबाडणारे तिथेच टपलेले असतात. नंबर कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी तो टाकायला सांगितलं तर फोन ठेवा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक तिथे लागतोच. दुकानदाराची तक्रार मात्र लोकपाल घेत नाही, त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.