एकाच पीएनआरवर काही कन्फर्म, काही वेटिंग: या चुका टाळा

रेल्वेच्या तिकिटावर GNWL 45/WL 12 असे दिसले की अनेकजण पहिल्याच आकड्याने धास्तावतात. वास्तविक पहिला आकडा आरक्षण केले त्या वेळचा असतो आणि दुसरा आजचा. म्हणजे या प्रवाशाच्या पुढे आता अकराच जण उरलेले आहेत. मात्र त्याआधीची अक्षरेही पाहावीत, कारण GNWL ही सर्वसाधारण प्रतीक्षा यादी असून मधल्या स्थानकांसाठीची RLWL किंवा अनेक स्थानकांच्या सामायिक कोट्याची PQWL यांची यादी वेगळी आणि कोटा लहान असतो. त्यामुळे तिथला बारावा क्रमांक तितका आशादायक नसतो.

खरा घोटाळा होतो तो चार्ट लागल्यावर. ई-तिकिटावरील सर्वच प्रवासी वेटिंगवर राहिले, तर तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. हाच नियम अर्धवट कन्फर्म झालेल्या तिकिटालाही लागू होतो, असे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

समजा, स्लीपरचे चौघांचे एक ई-तिकीट आहे आणि प्रत्येकी भाडे ५०० रुपये आहे. चार्टनंतर दोघांना बर्थ मिळाला, एकाला RAC म्हणजे बसण्यापुरती जागा मिळाली आणि एक जण WL 2 वर राहिला. हे तिकीट आपोआप रद्द होत नाही. चौघांनाही जायचे नसेल, तर गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेच्या ३० मिनिटे आधीपर्यंत सर्वांचे तिकीट ऑनलाइन रद्द करावे किंवा सर्वांसाठी TDR म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज दाखल करावा. मग कन्फर्म प्रवाशांचेही भाडे परत मिळते आणि प्रत्येकी ६० रुपये क्लर्केज कापले जाते, म्हणजे २,००० पैकी १,७६० रुपये हाती येतात. आरक्षण करताना भरलेले सुविधा शुल्क मात्र परत मिळत नाही. तिघे गेले आणि वेटिंगवाला घरीच राहिला, तर तिघांनी गाडीतच तिकीट तपासनिसाकडून तसा दाखला लिहून घ्यावा, कारण त्याच्या परताव्याच्या TDR ला तो लागतो. घाईत नेमके हेच राहून जाते.

खिडकीवर काढलेल्या कागदी तिकिटाचे गणित याहून निराळे आहे. ते पूर्ण वेटिंगवर राहिले तरी आपोआप रद्द होत नाही. तेही गाडी सुटण्याच्या ३० मिनिटे आधीपर्यंत स्वतः रद्द करावे लागते.

पहिला चार्ट पूर्वी साधारण चार तास आधी लागत असे. २०२५ पासून तो त्याहून बराच आधी लागू लागला आहे. त्यानंतर रिकाम्या झालेल्या जागांसाठी गाडी सुटण्याच्या सुमारास दुसरा चार्ट निघतो. म्हणून पहिल्या चार्टनंतरची स्थिती पाहूनच निर्णय घ्यावा आणि ३० मिनिटांची मर्यादा घड्याळाकडे लक्ष ठेवून पाळावी, कारण ती नियोजित वेळेपासून मोजली जाते.