फोन येतात पण जात नाहीत, रेकॉर्डिंग ‘पडताळणी करा’ म्हणतं: माझा अनुभव

इंटरनेट चालू, फोन येत होते, पण मी लावला की रेकॉर्डिंग: ओळख पडताळणी होईपर्यंत आउटगोइंग बंद. सिम दुसऱ्या खाचेत घातलं, नेटवर्क सेटिंग रिसेट केलं, रिचार्जही मारला. चार दिवस फुकट गेले.

शेवटी फोंड्याला कंपनीच्या दुकानात आधार घेऊन गेलो, तर कनेक्शन वडिलांच्या नावावर निघालं. माझं आधार चालणार नव्हतं. ज्याच्या नावावर कनेक्शन, तोच माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी बाबांना, त्यांचं मूळ आधार आणि तेच सिम घातलेला फोन घेऊन गेलो. आधी बोटाचा ठसा. बाबांचं आयुष्य कुळागरात गेलं, अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या; तीनदा पुसून लावला तरी यंत्राने घेतला नाही. अशा वेळी तसेच घरी परतू नका, कागदपत्रावरची डिजिटल केवायसी मागा. आधारचा दोन्ही बाजूंनी फोटो, बाबांचा तिथेच काढलेला फोटो, मग त्याच नंबरवर ओटीपी. इनकमिंग चालू होतं म्हणूनच तो आला. संध्याकाळी फोन बंद करून चालू केला, पहिला कॉल लागला.

एका नावावर 9 पेक्षा जास्त कनेक्शनं असली तरी पुनर्पडताळणी लागते. त्या नियमात पडताळणी केली नाही तर आउटगोइंग 30 दिवसांत, इनकमिंग 45 दिवसांत आणि नंबर 60 दिवसांत बंद होतो. नावावरचे नंबर sancharsaathi.gov.in वर दिसतात. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका, ती पडताळणी नव्हे.