वारा पाठीशी की तोंडावर: बेळगाव–हैदराबाद विमानाचा वेळ कसा काढायचा

कृष्णेला भर पाणी असताना प्रवाहाबरोबर सोडलेली नाव झपाट्याने पुढे जाते आणि तीच उलट वल्हवताना दमछाक होते, हे चिक्कोडी-अथणीकडच्या माणसाला सांगायला नको. विमानाचं तसंच आहे, फक्त त्याची नदी हवेची. विमान भोवतालच्या हवेतून ठरलेल्या वेगाने पुढे सरकतं आणि ती हवाच वाहत असेल तर विमानालाही सोबत नेते. म्हणून वेग दोन धरायचे: हवेतला वेग आणि जमिनीवरचा वेग. वाऱ्याने बदलतो तो दुसरा, आणि प्रवासाचा वेळ ठरतो तोही त्याच्यावरच.

आधी अंतर आणि हवेतला वेग घ्या. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सरळ रेषेत सुमारे 430 किलोमीटर पडतो. या मार्गावर चालणाऱ्या एटीआर जातीच्या पंख्याच्या विमानाचा वर सरळ उडतानाचा हवेतला वेग तासाला साधारण 500 किलोमीटर धरा. वारा अजिबात नसेल तर 430 भागिले 500, म्हणजे 51.6 मिनिटं. वैमानिकासमोरच्या वेगाच्या काट्यावरचा आकडा इथे चालत नाही. उंचावर हवा विरळ असल्याने तो काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

मग वाऱ्याची दिशा बघा. इथे पुष्कळांची चूक होते. वाऱ्याची दिशा सांगतात ती तो जिथून येतो तिची. अंश मोजायचे ते उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणून 270 अंशांचा वारा म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला जाणारा. हैदराबादकडे निघालेल्या विमानाला तो पाठीशी मिळतो, परतताना तोंडावर येतो.

आता बेरीज-वजाबाकी करा. समजा, मार्गाच्या रेषेत 70 किलोमीटरचा वारा आहे. जाताना जमिनीवरचा वेग 570, वेळ 45.3 मिनिटं. येताना वेग 430, वेळ बरोबर 60 मिनिटं.

बारकाईने पाहिलं तर जाताना वाचली 6.3 मिनिटं आणि येताना गेली 8.4. वारा तोच, अंतर तेच, तरी जाऊन-येऊन दोन मिनिटांचा तोटाच होतो. कारण उलट वाऱ्यात वेग कमी, म्हणून विमान त्या वाऱ्यात राहतंही जास्त वेळ. अनुकूल वारा मात्र लवकर संपतो. म्हणून दोन्ही वेगांची सरासरी 500 काढून एकूण वेळ मांडू नका. प्रत्येक फेरीचा वेळ वेगळा काढून मगच बेरीज करा. वारा जितका जोराचा, तितका हा फरक झपाट्याने वाढतो.

वारा नेमका रेषेत क्वचितच असतो. हैदराबादची दिशा साधारण 70 अंश आहे, म्हणजे पश्चिमेचा वारा विमानाला 20 अंश तिरका लागतो. त्यातला उपयोगी भाग 70 गुणिले 20 अंशांचा कोसाइन, म्हणजे 0.94, असा 66 किलोमीटर. अगदी काटकोनात येणारा वारासुद्धा फुकट जात नाही: विमान रेषेवर राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवतं आणि पुढे जाण्याचा थोडा वेग गमावतं. शंभरच्या आडव्या वाऱ्यात 500 चे 490 उरतात. बेळगावहून दिल्लीची दिशा जवळजवळ उत्तर आहे. त्यामुळे हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावरून वाहणारा जोरदार पश्चिमी झोत त्या विमानाला बहुतांशी आडवाच लागतो.

आपल्या भागात गणित चुकतं ते पावसाळ्यात. खाली पश्चिमेचा वारा घोंघावतो आणि माणसाला वाटतं, आज हैदराबादला लवकर पोहोचणार. पण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर दीड किलोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतो. एटीआर उडतं त्या पाच-सहा किलोमीटरवर तो बराच ओसरतो. म्हणून वारा उड्डाणाच्या उंचीवरचाच घ्यायचा. शिवाय विमान उड्डाण घेतं वाऱ्याच्या तोंडावर, कारण त्यामुळे कमी धावून पंखांना पुरेशी हवा मिळते. सांबऱ्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेचा जोरदार वारा असला की विमान आधी शहराच्या बाजूला उडतं आणि मग वळून पूर्वेला लागतं. वर मिळालेली दोन-चार मिनिटं अशी त्या वळणातच खर्ची पडू शकतात. वेळापत्रकात तर जमिनीवरचं धावणं, चढणं-उतरणंही धरलेलं असतं, त्यामुळे तिथला वेळ आपल्या उत्तरापेक्षा मोठाच दिसेल.

शेवटी मोबाइलवर पडताळून घ्या. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर दिसतो तो जमिनीवरचा वेग, तोही बहुधा नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर. एकाच जातीची, साधारण एकाच उंचीवरची, जाणारी आणि येणारी अशी दोन विमानं त्याच दिवशी पाहा. एकाचा वेग 300 आणि दुसऱ्याचा 240 नॉट दिसला, तर बेरजेचं निम्मं 270 हा हवेतला वेग आणि फरकाचं निम्मं 30 हा मार्गावरचा वारा, म्हणजे सुमारे 56 किलोमीटर. चढत्या-उतरत्या विमानाचा आकडा मात्र घेऊ नका. त्या वेळी हवेतला वेगच बदलत असतो.