चार गुंठ्यांचा तुकडा आणि फोनचा जीपीएस

भाजीच्या तुकड्याचं माप घ्यायचं होतं. टेपने चारही बाजू २० मीटर, म्हणजे क्षेत्र ४०० चौरस मीटर, जेमतेम चार गुंठे. फोन हातात धरून फेरी मारली तर क्षेत्र ४९० च्या आसपास आणि परिमिती शंभरच्याही पुढे!

दोन्ही चुकांची कारणं वेगळी निघाली. परिमिती फुगते, कारण दर सेकंदाचा बिंदू थोडा इकडेतिकडे पडतो आणि त्या नागमोडी रेषेची सगळी लांबी मोजली जाते. क्षेत्रात ही वळणं बरीचशी एकमेकांना खोडतात. तिथे गडबड होती ती कुंपणाची: मी बाहेरून, साधारण एक मीटर अंतरावरून चाललो होतो. बाजू २२ मीटर धरली की ४८४ चौरस मीटर होतात. एका एकराला हा फरक सहा टक्क्यांच्या आसपास, इथे मात्र २१ टक्के.

मग फेरीचा नाद सोडला. प्रत्येक कोपऱ्यावर खुंटीला फोन टेकवून दोन मिनिटं थांबलो, त्या बिंदूंची सरासरी घेतली आणि QGIS या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मीटरमध्ये माप देणाऱ्या UTM 43N प्रक्षेपणावर चार कोपरे सरळ रेषांनी जोडले. चारही कोपरे सलग घ्यावेत. तसं केलं की जीपीएसची चूक चारही ठिकाणी साधारण सारखी राहते, आणि सगळे एकाच दिशेला सरकले तर क्षेत्र बदलत नाही.

तरी प्रत्येक कोपरा दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे मीटरभर हलला तर अशा तुकड्यात सुमारे २८ चौरस मीटर, म्हणजे सात टक्के, फरक राहतोच. खताच्या हिशोबाला हे चालतं. बांधाच्या वादाला टेपच काढावी, नाहीतर सरकारी मोजणी मागावी.