वाइन-कॉकटेलचं मेनूकार्ड मराठीत करताना: माझा अनुभव

नाशिकच्या एका रेस्टॉरंटचं कार्ड मराठीत केलं, पण ‘ड्राय’चं ‘कोरडी’ केल्यावर गिऱ्हाईक विचारायचे, म्हणजे नक्की कशी? ‘एक ग्लास’ वाचून काठोकाठ भरलेला पेला अपेक्षित असायचा. संस्कृत प्रतिशब्द घालून पाहिले, नुसतं देवनागरीत लिहून पाहिलं. रोजची हुज्जत काही संपेना.

शेवटी हा क्रम जमला. आधी माप: ग्लास १५० मिली, ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच, स्मॉल पेग ३० मिली, लार्ज ६०. पेग हा शब्द फक्त व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला, वाइनला नाही. मग नाव, आहे तसं देवनागरीत. त्याखाली एका ओळीत आधी चव, मग घटक. ड्रायला ‘गोडवा जवळजवळ नाही’.

नेग्रोनी या कॉकटेलची नोंद अशी झाली: ‘कडवट, कडक. जिन, कांपारी (कडवट लाल मद्य), गोड वर्मूथ (वनस्पती मुरवलेली, मद्यार्क वाढवलेली वाइन), प्रत्येकी ३० मिली.’

व्हिस्की सावरमध्ये फेसासाठी बऱ्याचदा अंड्याचा पांढरा बलक घालतात, तेव्हा बारटेंडरला विचारून ‘अंडं आहे’ हे ठळक छापा. शाकाहारी माणसाला ते घोट घेण्याआधी कळलंच पाहिजे.