क्लासची फी परत मागताना: सोडलं कुणी, हे आधी कागदावर आणा

खानापूरच्या एक ताई गेल्या वर्षी फाइल घेऊन आल्या. मुलगी फर्स्ट पीयूला. बेळगावातल्या एका क्लासमध्ये नीटच्या दोन वर्षांच्या बॅचला नाव घातलं होतं आणि सगळी फी एकरकमी भरली होती. आठ महिन्यांनी बॅच बंद झाली. "हुबळीला या नाहीतर ऑनलाइन करा," असं क्लासवाले म्हणाले. फी परत मागितली तर काउंटरवरच्या मुलाने एक छापील इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला. त्यात 'वैयक्तिक कारणामुळे स्वेच्छेने प्रवेश रद्द करत आहे' अशी ओळ होती.

सही झाली नव्हती हे नशीब. त्या ओळीखाली सही केली की क्लास त्यांनी बंद केला हे मागे पडतं आणि तुम्ही सोडून गेलात एवढंच कागदावर उरतं. मग प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या फॉर्ममधलं 'फी परत मिळणार नाही' हे कलम तुमच्यापुढे धरलं जातं.

म्हणून पहिलं काम अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचं. ताईंसाठी आम्ही एवढंच लिहिलं: "बेळगावची वर्गातली बॅच आपण अमुक तारखेपासून बंद केली. हुबळी किंवा ऑनलाइन हा पर्याय आम्हाला मान्य नाही. न शिकवलेल्या काळाची फी जीएसटीसह परत करावी." बॅच बंद झाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज, पावत्या आणि प्रवेश फॉर्मची झेरॉक्स जोडली. असा अर्ज ईमेलनेही पाठवा आणि स्पीड पोस्टनेही. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. मुलगी अठराच्या खालची असेल तर पालकांच्या नावाने लिहा.

तुम्हीच क्लास सोडत असाल, तर खरं कारण आणि शेवटच्या हजेरीची तारीख लिहून त्याच दिवशी कळवा. दोन महिने नुसतं घरी बसलात तर तेही महिने क्लासच्या हिशेबात जमा होतात.

दुसरं काम हिशेबाचं. समजा फी ९६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १७,२८०, म्हणजे भरले १,१३,२८०. चोवीस महिन्यांचे महिन्याला ४,००० पडले. आठ महिने शिकवलं, सोळा राहिले. परत मागायचे ६४,००० आणि त्यावरचा जीएसटी ११,५२०, एकूण ७५,५२०. मिळालेल्या पुस्तकांची किंमत करारात वेगळी दाखवली असेल तर ती सोळा महिन्यांच्या हिशेबात धरू नका. आकडा अर्जातच लिहा. 'योग्य ती रक्कम' म्हटलं की क्लास स्वतःच्या सोयीची रक्कम ठरवतो.

या हिशेबाला आधार आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची. हॉस्टेल आणि मेसचीही. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी त्या आहेत. मात्र त्या कायदा नाहीत, अंमल राज्यांवर सोपवलेला आहे. त्यामुळे अर्जात त्यांचा उल्लेख जरूर करा, पण भिस्त ग्राहक कायद्यावर ठेवा. क्लासवाले "शिक्षण ग्राहक कायद्यात येत नाही" म्हणतील. शाळा-कॉलेजांबाबत तो वाद आहे खरा, पण राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये कोचिंग क्लास या कायद्याखाली येतात असं स्पष्ट सांगितलं आहे.

फी कर्जाने भरली असेल तर सावध राहा. क्लास बंद झाला तरी फायनान्स कंपनीचा हप्ता आपोआप थांबत नाही, आणि तुम्हीच परस्पर थांबवलात तर सिबिल स्कोअर बिघडतो. कंपनीलाही त्याच दिवशी पत्र द्या.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. करारात 'वाद फक्त अमुक शहरातल्या कोर्टात' असं छापलेलं असतं आणि निपाणी-चिक्कोडीकडचे पालक कोल्हापूरच्या क्लासबाबत तिथेच अडकतात. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, म्हणजे निपाणीकराला बेळगावचा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मराठी कागदांना इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा. व्याज आणि मनस्तापाची भरपाई मागायची असेल तर ती तक्रारीतच लिहा.

ताईंनी तो छापील फॉर्म कोराच ठेवला होता. तोही तक्रारीला जोडला.